फोटोत गाय किंवा माकड दिसलं की जागा चुकते, त्यावर उपाय

दादरच्या एका छोट्या संग्रहासाठी मी लोकांनी दिलेले घरगुती फोटो लावून ठेवते. कुठला, कधीचा, कोणाकडून आला, एवढं प्रत्येक फोटोमागे लिहायचं असतं. अल्बममधून सुटलेल्या, मागे काहीही न लिहिलेल्या रस्त्यांच्या फोटोंवर आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि त्यातच एक चूक पुन्हा पुन्हा होते. फोटोत मोकाट गाय दिसली की कोणीतरी "हे काशी" म्हणतं. माकड दिसलं की "मथुरा", कबुतरांचा थवा दिसला की "दादर कबुतरखाना". सहा महिन्यांनी देणाऱ्या घरातलं कोणीतरी येतं आणि सांगतं की अहो, हे तर आमच्या माहेरचं, कोल्हापूरचं.

ही चूक मीही केली आहे. एका फोटोत दगडी पायऱ्यांवर बसलेली लांब शेपटीची माकडं होती. मी "कर्नाटक, बहुधा बदामी" असं लिहून मोकळी झाले. फोटो घारापुरीचा निघाला. गेटवेवरून लाँचने तासाभरात पोचता येतं, तिथला. माकडाची जात मी बरोबर ओळखली होती. पण ती जात आणखी कुठे कुठे राहते, हे स्वतःला विचारलंच नव्हतं.

चूक नेमकी कुठे होते

जनावर दिसलं की आपण "अशी जनावरं कुठे असतात?" असं विचारतो आणि मनात पहिलं येईल ते गाव धरून बसतो. विचारायला हवं ते उलटं: हा फोटो मला वाटतं त्या गावचा नसता, तरी हे जनावर असंच दिसलं असतं का? रस्त्यावर बसलेली गाय मथुरेत दिसते, जयपूरला दिसते, नागपूरलाही दिसते आणि नेपाळमध्येही दिसते. म्हणजे तिने मथुरेच्या बाजूने फारसं काही सांगितलं नाही. तिने फक्त लंडन आणि टोकियो बाद केलं, आणि ते आपल्याला आधीच माहीत होतं.

दुसरी गफलत जरा लपलेली असते. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा का उचलला? बऱ्याचदा त्या जनावरासाठीच. बोरिवलीत बाल्कनीत माकड आलं की घरातला प्रत्येक जण फोटो काढतो. वृंदावनात रोज येणाऱ्या माकडाकडे तिथला माणूस ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे "बोरिवलीत माकडं कमी, वृंदावनात जास्त, म्हणून हा फोटो वृंदावनचा" हे गणित बसत नाही. माकड आहे एवढ्यावरून काही ठरवू नका, कुठलं माकड आहे ते बघा. काही सांगितलं तर ती जातच सांगेल.

माकड: गाय, कबुतर, कुत्रा यांच्यापेक्षा त्यातल्या त्यात बोलका साक्षीदार

मराठीत आपली एक सोय आहे. काळ्या तोंडाचं, लांब हातापायांचं ते वानर आणि आखूड अंगाचं ते माकड, असे दोन शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत. फोटोमागे लिहिताना ते काटेकोर वापरा, कारण पुढची सगळी तपासणी वेगळी होते.

माकडाच्या दोन जाती आपल्या कामाच्या. दक्षिणेकडची ती टोपीवाली. तिच्या डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडल्यासारखे दोन्हीकडे पसरतात, अंग एकसारखं करडं-तपकिरी असतं आणि शेपटी डोकं-धडाच्या लांबीपेक्षाही लांब. उत्तरेकडची जात म्हणजे ऱ्हीसस. तिचे केस कपाळावरून सरळ मागे जातात, शेपटी धडाच्या साधारण निम्मी किंवा त्याहून आखूड, आणि मागचा भाग, कंबरेपासून मांड्यांपर्यंत, नारिंगी-तांबूस. जुन्या पुस्तकांत या दोघींची सीमा पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी अशी ढोबळ मानलेली आहे. मुंबई तापीच्या दक्षिणेला, म्हणून घारापुरी आणि माथेरानला दिसते ती टोपीवाली.

इथे तीन ठिकाणी फसायला होतं.

पहिलं म्हणजे तोंडाचा रंग. "लाल तोंडाचं माकड" हा शब्द आपण दोघींनाही लावतो. टोपीवालीच्या मादीचं तोंडही चांगलं लालसर होतं. रंग बाजूला ठेवा, शेपटी आणि पार्श्वभाग बघा.

दुसरं, शेपटी मोजण्याची पद्धत. भिंतीवर बसलेल्या माकडाची शेपटी कॅमेऱ्याच्या दिशेने आली असेल तर लांब शेपटीही आखूड दिसते. तारेचा शॉक लागून किंवा भांडणात तुटलेली शेपटीही असते. पिल्लांवरून तर काहीच ठरवू नका. मी नियम असा ठेवला आहे की आडवी दिसणारी किंवा सरळ खाली लोंबणारी शेपटी किमान दोन मोठ्या माकडांत दिसली, तरच मोजायची. एकच माकड असेल तर फोटोमागे "जात अनिश्चित" लिहायचं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: तापी-गोदावरीची रेघ आता तितकी पक्की राहिलेली नाही. ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकली आहे, काही ठिकाणी दोन्ही जातींचे मिश्र कळप दिसतात. त्यात माणसाचा हात मोठा. त्रास देणारी माकडं पकडून दुसरीकडे सोडली जातात, आणि मदारी उत्तरेकडची माकडं गावोगाव घेऊन फिरत असत. माकडाचे खेळ करण्यावर १९९८ साली बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या फोटोत माकडाच्या गळ्यात किंवा कमरेला दोरी आहे का ते आवर्जून बघा. दोरी असेल तर जागेचा पुरावा म्हणून त्या माकडाची किंमत शून्य. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर टोपीवाली, ऱ्हीसस आणि वानर, तिन्ही नोंदलेले आहेत. म्हणून ऱ्हीसस दिसली की "मुंबई नाही" असं म्हणता येत नाही. "मुंबई असण्याची शक्यता थोडी कमी झाली" एवढंच म्हणता येतं.

वानरांच्या बाबतीत चालताना उचललेल्या शेपटीकडे बघतात. उत्तरेकडच्या वानरांची शेपटी पाठीवरून कमान करून डोक्याकडे येते, दक्षिणेकडच्यांची मागे वळून खाली झुकते. सीमा पुन्हा तापी-गोदावरीच्या आसपासची. वानर बसलेलं असेल तर ही खूण मिळतच नाही आणि आमच्या बहुतेक फोटोंत ते बसलेलंच असतं.

परदेशातल्या सहलींचे फोटोही आमच्याकडे येतात, म्हणून एवढं सांगते. शेपटीच नसलेली माकडं खडकावर दिसली तर जिब्राल्टर किंवा मोरोक्को-अल्जीरियाचा विचार करा; ही खूण खरंच जड आहे. उलट टोपीवालीसारखी केसांची टोपी आणि लांब शेपटी श्रीलंकेतल्या माकडांनाही असते. त्यामुळे पाटी सिंहली लिपीत आहे का, हे बघितल्याशिवाय दक्षिण भारत लिहू नका.

गाय

गायीचं वशिंड बघून "भारत" लिहिणाऱ्यांना मी ब्राझीलची आठवण करून देते. गीर, कांकरेज आणि ओंगोल ही आपली जनावरं तिथे नेऊन वाढवली गेली आणि आज तिथल्या कुरणांत वशिंडवाली गुरंच जास्त. आफ्रिकेतही वशिंडवाल्या गायी भरपूर आहेत.

जातीवरून प्रदेश सांगायचा मोह होतो, कारण जातींना गावांची नावं चिकटलेली आहेत. लांब, मागे झुकलेल्या धनुष्यासारख्या शिंगांचं पांढरट खिलार दिसलं की सोलापूर-सांगली-सातारा, काळे-पांढरे डाग असलेली देवणी दिसली की लातूर-उदगीर. खेड्यातल्या फोटोत हे थोडंफार चालतं. शहरात चालत नाही. शहरातली मोकाट गाय बहुतेक वेळा संकरित असते, आणि घुमटासारखं कपाळ, लोंबते कान असलेली गीर आता गोशाळांमुळे कुठेही दिसते.

जातीपेक्षा गाय कशी उभी आहे त्यावरून मला जास्त कळतं. मुंबईतली रस्त्यावरची गाय पुष्कळदा मोकाट नसतेच. देवळाबाहेर खांबाला किंवा रेलिंगला दाव्याने बांधलेली असते, शेजारी एक बाई चाऱ्याच्या पेंढ्या घेऊन बसलेली असते, आणि येणारे-जाणारे पैसे देऊन तिला चारा घालतात. दोर, पेंढ्या आणि बसलेली बाई या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर मी मुंबईच्या बाजूला थोडं वजन टाकते. "थोडं" अशासाठी की इतर शहरांतही हे दिसतं. मुंबईच्या तबेल्यांत तर मुख्यतः म्हशी. आरेची दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली तीही शहरातले म्हशींचे तबेले बाहेर हलवायला.

अलीकडच्या फोटोत कानातला पिवळा बिल्ला दिसतो. आपल्याकडच्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात. नुसता पिवळा रंग बघून काही ठरवू नका, युरोपातल्या गायींच्या कानातही पिवळेच बिल्ले असतात. आकडे मोजता आले तरच उपयोग.

कबुतर आणि कुत्रा

यांच्यावर वेळ घालवू नका, पण एकेक गोष्ट लक्षात ठेवा.

कबुतर उडताना किंवा पंख उघडताना टिपलं गेलं असेल तर शेपटीच्या वर, पाठीच्या खालच्या भागाचा रंग बघा. भारतीय पारव्याचा तो भाग करडा असतो, युरोपातल्या मूळ पारव्याचा पांढरा. शिवाय आपल्या शहरांतले थवे बहुतेक एकाच वेशातले, करडं अंग आणि पंखावर दोन काळे पट्टे. युरोपातल्या चौकांत ठिपक्यांची, काळी, तपकिरी, पांढरी अशी सगळी सरमिसळ जास्त. पण पाळीव कबुतरं सगळीकडे मिसळलेली असल्याने खंड ओळखण्यापलीकडे याचा उपयोग नाही. मुंबई की सुरत, हे कबुतर कधीच सांगत नाही. दादरचा कबुतरखाना मात्र आजूबाजूची बांधकामं दिसत असतील तर वेळ सांगतो: ऑगस्ट २०२५ मध्ये महापालिकेने तो ताडपत्रीने झाकला.

कुत्र्याच्या कानाच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिसली तर त्याची नसबंदी झालेली आहे. ही पद्धत भारतभर आहे, म्हणून शहर कळत नाही. कानात प्लॅस्टिकचा बिल्ला असेल तर इस्तंबूल किंवा तिबिलिसीसारख्या शहरांचा विचार करा. खाच कुठल्या कानाला आहे यावरून तर्क करायच्या आधी फोटो उलटा छापलेला नाही ना, हे तपासा. शर्टाचा खिसा, पाटीवरची अक्षरं, घड्याळ कुठल्या हाताला आहे, यांवरून ते कळतं.

एक फोटो, पहिल्यापासून

मागच्या वर्षी बोरिवलीच्या एका कुटुंबाने पाकीटभर फोटो दिले, चार बाय सहाचे, रंगीत. निम्मे घराजवळचे, निम्मे आजी-आजोबांच्या तीर्थयात्रांचे, सगळे एकत्र मिसळलेले. त्यातला एक: अरुंद गल्ली, उजवीकडे कठड्यावर तीन माकडं, खाली कचऱ्यापाशी उभी एक पांढरी गाय, वर तारेवर कबुतरं, पायरीवर झोपलेला कुत्रा.

माझ्यासोबत काम करणारे काका लगेच म्हणाले, "अगं, हे बोरिवलीच. नॅशनल पार्कातली माकडं उतरतात ना खाली. आमच्या सोसायटीतसुद्धा येतात."

शेजारच्या ताईंचं मत ठाम उलटं होतं. "काका, गाय बघा, माकडं बघा, कबुतरं बघा. चारही एका गल्लीत म्हणजे मथुरा-वृंदावनच."

मी आधी सुरुवातीची शक्यता मांडली. पाकिटातले निम्मे फोटो घराजवळचे, निम्मे यात्रेचे, म्हणजे एकास एक. मग भिंग घेतलं. कठड्यावरच्या दोन माकडांच्या शेपट्या सरळ खाली लोंबत होत्या आणि कठड्याच्या जेमतेम एक वीट खाली संपत होत्या. तिसऱ्याची पाठ आमच्याकडे होती, कंबरेखाली स्पष्ट तांबूस. गळ्यात दोरी नाही. म्हणजे ऱ्हीसस. बोरिवलीतही ऱ्हीसस असू शकते, म्हणून मी उत्तरेच्या बाजूला तिप्पट वजन दिलं. हा आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण अंदाज कागदावर लिहिला की तो वाढवून सांगता येत नाही. झालं तीनास एक.

गाय मोकळी होती, दावं नाही, जवळ चारा विकणारं कोणी नाही. एरवी याला मी दुप्पट दिलं असतं. पण मोकाट गाय आणि माकडं बहुधा एकत्रच येतात, देवळांची जुनी वस्ती, प्रसाद, उघडा कचरा यांच्यामागे. एकाच कारणाने आलेले दोन साक्षीदार वेगळे मोजता येत नाहीत. म्हणून दीडपट. साडेचारास एक झालं, म्हणजे शंभरात ऐंशीच्या आसपास. कबुतरं आणि कुत्रा दोन्हीकडे सारखेच, त्यांना काहीच नाही.

ताईंनी त्याच चार जनावरांना तीन, दोन, दोन, दोन असं वजन देऊन गुणाकार केला होता. चोवीसास एक. पुरावा तोच, पण चारही खुणा सुट्या धरल्याने "कदाचित" होतं त्याचं "नक्की" झालं. आमच्याकडच्या बहुतेक चुका अशाच झालेल्या आहेत.

मग जनावरं हाताने झाकून फोटो पुन्हा पाहिला. हे मी आता दर वेळी करते, कारण जनावराकडे नजर गेली की बाकी फोटो दिसेनासा होतो. झाकल्यावर पहिल्यांदा तारा दिसल्या. कबुतरं बसली होती त्या विजेच्या तारा होत्या, खांबावरून घरात शिरलेल्या, गुंता झालेल्या. मुंबईत वीज बहुतांशी जमिनीखालच्या केबलमधून येते, वर लोंबते ती टीव्ही-इंटरनेटची केबल. दुसरं, डावीकडच्या शटरवर अर्धी पाटी: "...पड़े वाले". ड खाली टिंब. मराठी पाटीवर हे टिंब नसतं, आपण कापड लिहितो, कपड़ा नाही. मुंबईतही हिंदी पाट्या असतात, पण मग आसपास कुठेतरी मराठी पाटी असते, ळ असतो, आणि इथे एकही नव्हता. तिसरं, गायीच्या मागे अर्धी झाकलेली स्कूटर. तिच्या पाटीवरचं मालिकेचं अक्षर दिसत नव्हतं, पण सुरुवात वाचता आली: यूपी ८५. हा मथुरा जिल्ह्याचा क्रमांक आहे.

गाडी दुसऱ्या जिल्ह्यातही जाते, म्हणून एकटी नंबरपाटी मी पुरेशी धरली नसती. पण पाटी, तारा आणि टिंब या तिन्हींचा एकमेकांशी संबंध नाही आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. फोटोमागे लिहिलं: "मथुरा जिल्हा, गाव अनिश्चित. आधार: वाहनाची पाटी, हिंदी फलक, उघड्या विजेच्या तारा. माकडं ऱ्हीसस, याला पूरक." जनावरांचा उल्लेख शेवटी, आणि "पूरक" या शब्दासकट. ताईंचं उत्तर बरोबर आलं होतं. तरी नोंदीतला आधार त्यांचा घेतला नाही, कारण त्याच गुणाकाराने पुढचा फोटो चुकला असता.

जनावरांखेरीज काहीच दिसत नसेल तर

असे फोटो येतात: भिंत, माकड, आभाळ. तिथे गावाचं नाव लिहूच नका. "ऱ्हीसस, दोन प्रौढ, शेपट्या स्पष्ट, उत्तर भारताकडे कल" एवढंच लिहा आणि त्याच पाकिटातले पुढचे-मागचे फोटो एकत्र ठेवा. निगेटिव्हची पट्टी मिळाली तर फार चांगलं, कारण एकाच रिळावरचे शेजारचे क्रमांक बहुधा एकाच सहलीचे असतात. आमच्या पाकिटात त्या गल्लीच्या फोटोची पट्टी नंतर सापडली. तिच्यावर पुढच्याच चौकटीत घाटाच्या पायऱ्या आणि होड्या आहेत. घाट कुठला ते अजून ठरलेलं नाही, म्हणून "गाव अनिश्चित" तसंच ठेवलं आहे.